काजळ, चांदणी आणि मावशी

भाच्याच्या बेकरीत बिनअंड्याचे चार केक आहेत. काउंटरवर सगळ्यांची नावं एकाच ठशाची होती: एगलेस पायनॅपल, एगलेस चॉकलेट वगैरे. घाईत चिठ्ठीवर 'एगलेस' गळून नुसतं 'पायनॅपल अर्धा किलो' उरायचं, आणि आत कारागीर हाताला येईल तो पायनॅपल पुढे करायचा. एक जैन कुटुंब आमच्याकडून दरवर्षी केक नेतं. त्यांच्या घरी असा अंड्याचा केक गेला असता तर कोणत्या तोंडानं माफी मागायची? भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही भाषेचे मास्तर. नावं तुम्हीच द्या."

मी एकच अट घातली: बिनअंड्याच्या केकचं नाव अंड्याच्या केकला कधीच द्यायचं नाही. मग चिठ्ठीवरचा एक शब्दही पुरतो.

व्हॅनिलासाठी आधी 'कापूस' सुचलं, पण ते खोटं ठरलं असतं. अंड्याच्या फेसाची हवा या केकला मिळत नाही. दही आणि खायच्या सोड्यावर तो फुगतो, म्हणून पोत जरा दाट आणि ओलसर राहतो. कापूस म्हणून नेणारा पहिल्याच घासाला नाराज. मग 'साय' ठेवलं. भाच्यानं भट्टीजवळून मोबाइलवर ओरडून पाहिलं, तर काउंटरवरच्या पोरानं चहा पाठवला! शेवटी 'चांदणी' ठरलं.

चॉकलेटला 'अमावस' किती छान वाटलं होतं मला! बहीण म्हणाली, "भाईजान, वाढदिवसाला अमावस कोण नेईल?" मग 'काजळ'. उर्दूत, मराठीत, सगळ्यांच्या घरात तोच शब्द. तेही फोनवर 'काजू' ऐकू यायचं, म्हणून काजूच्या केकचं नाव 'मखमल' केलं. काजळ मला सोडवेना.

रसमलाईच्या केकला भाच्याला 'केशर' हवं होतं. मी नको म्हटलं. त्यात पिवळा रंग आणि इसेन्स आहे, केशराची काडीसुद्धा नाही. नावात घातलेली वस्तू केकमध्ये असलीच पाहिजे. तो केक अंड्याचाच आहे, म्हणून त्याचं जुनं नाव तसंच राहिलं. पायनॅपलला आंबटगोड चवीवरून 'ऊनपाऊस' दिलं. माव्याच्या केकला भाच्यानं गमतीत 'मावशी' म्हटलं आणि तेच चिकटलं.

पाटीवर प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात चव आणि 'बिनअंड्याचा' असं लिहिलं आहे, डब्यावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आहेच. नावानं चिठ्ठी सुधारते, भटारखाना नाही. म्हणून फेटणी, साचे आणि क्रीमच्या पिशव्याही भाच्यानं वेगळ्या केल्या, त्यांना हिरवी पट्टी चिकटवली.

परवा त्या जैन घरातल्या आजींचा फोन आला: "उद्या आमची मावशी पाठवा, अर्धा किलो."