अर्धा उखाणा



भाच्याने मुलगी आम्हाला आधीच दाखवली होती. दोन्ही घरं राजी होती, पण तिला स्वतःला कुणी विचारलंच नव्हतं. "मामी, गाण्यातून विचारतो, तुम्ही लिहून द्या," म्हणाला. चाल सोपी घेतली, आठ-आठ मात्रांची, टाळीवर म्हणता येईल अशी.

त्याने आणलेल्या कागदावर चंद्र, गुलाब, डोळे असं सगळं होतं. ते मी खोडलं, कारण ते कुठल्याही मुलीला चाललं असतं. "तिचं असं काय, जे तुलाच ठाऊक आहे?" मग तो बोलायला लागला. तिचा चौविहार असतो. थंडीत ऑफिस सुटेपर्यंत सूर्य कलतो, म्हणून ती देहूरोडच्या लोकलमध्येच डबा खाते. त्यावरून हे कडवं झालं:

सूर्य बुडाया पाच मिनीटं,
लोकलमध्ये डबा उघडते;
बटाटेवडा हाती माझ्या,
भूक पोटची तिथेच अडते.

र्‍हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. "पाच मिनिटं" लिहिलं तर सातच भरतात आणि टाळी चुकते, म्हणून 'नी' लांबवला. बी.कॉम.चा हिशेब असा कामी आला!

तिची सीएची परीक्षा दोनदा राहिली, तेही त्याला घालायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. तिने विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत गायचं नसतं. तळेगावच्या हॉटेलात वीस मित्र बोलवायचा बेतही मोडला. टाळ्या वाजायला लागल्या की मुलीला नाही म्हणायला जागाच उरत नाही. आमच्याच बैठकीत, आम्ही पाचजण, एवढंच ठरलं.

शेवटी तो "माझ्याशी लग्न करशील का" असं विचारेल, हे कुणीही ओळखलं असतं. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नसत, उखाण्यातच घेत. तेच आम्ही उलटं केलं. उखाणा त्याने सुरू करायचा आणि नावाच्या आधीच थांबायचं:

अर्धाच दिला तुला उखाणा,
नाव कुणाचे घेशिल आता?

पुढची ओळ मुद्दाम रिकामी. नाव घेतलं तर होकार. नाही घेतलं तर गाणं अर्धं राहिलं इतकंच, नकार कुणाच्या तोंडून निघत नाही.

त्याने गायलं. डब्याच्या ओळीला ती खळखळून हसली, पण शेवटी गप्प झाली. बैठकीत पंखा तेवढा ऐकू येत होता. "मला जरा वेळ द्या," म्हणाली. भाच्याचा चेहरा उतरला. मी चहाला उठले, जाऊबाईंनी मुरमुऱ्याचा चिवडा पुढे केला. सूर्य मावळायच्या आत ती खाऊनपिऊन घरी गेली.

दोन दिवसांनी तिचा मलाच फोन आला. "मामी, माझी ओळ आठ मात्रांत बसत नाहीये. नावच लांब आहे त्यांचं!"