एका ‘च’ची जागा

भोर तालुक्यातील भोंगवलीची एक विद्यार्थिनी संपर्कसत्र संपल्यावर थांबली. बी.ए.चे दुसरे वर्ष चालू होते. तुळशीचे लग्न लागले होते आणि घरी स्थळांची बोलणी सुरू झाली होती. ती म्हणाली, “मी आप्पांना सांगितलं, मला लग्नच करायचं नाही. आठ दिवस झाले, ते बोलत नाहीत.”

“लग्न खरोखरच नको आहे का?” मी विचारले.

“तसं नाही. एवढ्यात नको.”

‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय ज्या शब्दाला लागते, त्यावर वाक्याचा भार पडतो. ‘लग्नच नको’ म्हटले की नकार लग्नाला असतो. ‘आत्ताच नको’ म्हटले की केवळ वेळेला. तिला दुसरे म्हणायचे होते, वडिलांनी पहिले ऐकले.

त्याआधी ती आईला नुसते “बघू” म्हणाली होती. लग्नाच्या बोलण्यात मुलीचे “बघू” अर्धा होकार मानले जाते आणि “नको” ही लाज. म्हणून मवाळ शब्द निष्फळ ठरला आणि कठोर शब्द जिव्हारी लागला.

मग आम्ही दोघांनी मिळून चार वाक्ये जुळवली : “आप्पा, तुम्ही स्थळ बघता ते माझ्या काळजीपोटी, हे मला कळतं. माझं एक वर्ष उरलं आहे. पदवी झाल्यावरच आपण लग्नाचं बोलू. तोवर कुणाला शब्द देऊ नका, एवढी विनंती आहे.”

यातला आदर ‘तुम्ही’पुरता नाही. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. निर्णयात वडिलांची जागा त्या शब्दाने राखली. ‘पदवी झाल्याशिवाय करणार नाही’ या वाक्यातही मुदत तीच आहे, परंतु ते नकार देते; ‘झाल्यावरच बोलू’ वचन देते. ठामपणा ‘च’मध्ये आहे, आवाजात नाही. शेवटचे वाक्य मात्र वेळेवरच म्हणायला हवे. एकदा सुपारी फुटली की प्रश्न मुलीच्या शिक्षणाचा राहत नाही, बापाने दिलेल्या शब्दाचा होतो.

पुढच्या सत्राला ती आली तेव्हा आमच्या वाक्यातली उणीव कळली. आप्पांनी विचारले होते, “आणि नापास झालीस तर?” पदवीला तारीख नसते, बापाला ती मुदत न संपणारी वाटली. तिने तिथल्या तिथे शब्द बदलला : “निकाल काहीही लागो, तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिल्यावर आपण बोलू.” या वचनाने तीही बांधली गेली, म्हणूनच ते विश्वासार्ह ठरले.

आप्पा “बरं” म्हणाले. “बरं” म्हणजे संमती नव्हे, ऐकल्याची पोच. हे ओळखून तिने दुसऱ्या दिवशी आईसमोर तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, पुन्हा म्हटले. त्या हंगामात घरी पाहुणे आले नाहीत.