तारखा जुळवताना

तळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआर विभागात नव्या माणसांच्या फायली तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे चाकणच्या कंपनीतली मुलाखत पार पडल्यावर भाच्याने मला परंदवडीला बोलावून घेतलं. पडताळणीचा फॉर्म दोन दिवसांत भरायचा होता. मी म्हटलं, आधी सगळे कागद काढ, फॉर्म नंतर उघडू.

त्याच्या रेझ्युमेवर एकच ओळ होती: सप्टेंबर 2018 ते मार्च 2023, क्वालिटी इंजिनिअर, आणि पुढे कंपनीचं नाव. लिंक्डइनवर तीच नोकरी '2018 ते आजपर्यंत' आणि हुद्दा 'सीनियर क्वालिटी इंजिनिअर'. शोधात नाव वर यावं म्हणून मित्राने सुचवलं होतं, असं तो म्हणाला.

कागदांत मात्र तीन वेगवेगळे काळ निघाले. 3 सप्टेंबर 2018 पासून वर्षभर डिप्लोमा अप्रेंटिस. 1 ऑक्टोबर 2019 ते 31 मार्च 2021 कंत्राटदाराच्या पेरोलवर, हुद्दा टेक्निशियन. 1 एप्रिल 2021 पासून कंपनीच्या रोलवर ज्युनिअर इंजिनिअर, आणि रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस 21 मार्च 2023.

"पण मामा, गेट एकच, मशीन तीच, साहेबही तेच. मग नोकरी वेगळी कशी?"

आपल्या पट्ट्यातल्या निम्म्याअधिक पोरांचा हाच प्रश्न असतो आणि त्यात लबाडी नसते. पण पडताळणी करणारा गेट बघत नाही, पगार कुणी दिला ते बघतो. तो कंपनीच्या एचआरला मेल करून रुजू होण्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा विचारतो. कंपनी तिच्या रजिस्टरवरून 1 एप्रिल 2021 ही तारीख कळवते. त्याआधीची नोंद कंत्राटदाराकडे असते. रेझ्युमेवर 2018 दिसलं की अडीच वर्षं वाढवून सांगितल्यासारखी वाटतात, आणि खरोखर घाम गाळलेला काळ संशयात जातो. मला याचं नेहमी वाईट वाटतं.

मग पीएफच्या पोर्टलवर त्याचा यूएएन टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडली. संमती घेऊन पडताळणीवाले हीच नोंद बघतात. तिच्यात हुद्दा नसतो. आस्थापनेचं नाव, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख एवढंच असतं. अप्रेंटिसचं वर्ष तिथे नव्हतंच, कारण अप्रेंटिसना पीएफ लागू नाही. त्या वर्षाचा पुरावा म्हणजे नोंदवलेला करार आणि अप्रेंटिसशिप बोर्डाचं प्रमाणपत्र. ती दोन्ही त्याच्या फायलीत होती.

खरी अडचण दुसऱ्या ओळीत निघाली. कंत्राटदाराने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. रकाना रिकामा असल्यामुळे भाचा एप्रिल 2021 नंतर दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरीला होता असं दिसत होतं. हल्ली दुहेरी नोकरीची शंका फार लवकर घेतली जाते. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले असतील तर ही तारीख सभासदाला स्वतः भरता येते. 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट' निवडायचं, तारीख टाकायची आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा. तारीख मात्र शेवटची वर्गणी भरली त्याच महिन्यातली लागते. म्हणून मार्च 2021 ची पगारपावती समोर ठेवूनच आम्ही 31 मार्च टाकली.

त्यानंतर रेझ्युमे. एका ओळीच्या तीन ओळी केल्या. मधल्या काळापुढे कंत्राटदाराचं नाव आणि त्याखाली 'नेमणूक: अमुक कंपनी, क्वालिटी विभाग'. अनुभव तोच राहिला, मालक बरोबर लिहिला गेला. 'सीनियर' काढताना त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, हुद्दा नेमणूकपत्रातला ठेव, आणि पीपीएपीच्या फायली तू एकट्याने सांभाळत होतास, ते कामाच्या वर्णनात लिही. सप्टेंबर 2019 चा रिकामा महिना तसाच राहू दिला. तो झाकायला फक्त वर्षं लिहिली असती, तर फॉर्ममध्ये दिवसासकट तारीख मागितल्यावर ती फट उघडी पडलीच असती. लिंक्डइनवर त्याच तीन ओळी महिन्यांसकट उतरवल्या.

जुना रेझ्युमे चाकणला आधीच पोचला होता. गुपचूप बदललेलं प्रोफाइल आणि एचआरकडचा जुना कागद शेजारी ठेवले तर शंका वाढणार. म्हणून फॉर्म भरायच्या आधी त्याने साधा मेल केला: कंत्राटी आणि अप्रेंटिसचा काळ मी एकत्र दाखवला होता, हुद्दाही नेमणूकपत्राप्रमाणे दुरुस्त केला आहे, सुधारित रेझ्युमे सोबत आहे. भरतीवाल्या मॅडमचं उत्तर आलं, 'फॉर्ममध्येही हेच भरा.'

तरी एक गाठ राहिलीच. कंत्राटदाराचं ऑफिस बंद झालं होतं आणि पडताळणीच्या मेलला उत्तर येईना. भाच्याने दीड वर्षाच्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक एकत्र करून पाठवलं. तिन्हींत महिने आणि नाव जुळत होतं. अहवालात त्या काळापुढे 'कागदपत्रांवरून पडताळले' असा शेरा आला आणि पुढच्या सोमवारी तो चाकणला रुजू झाला.