शून्य गुणांची खेळी

निजामपुऱ्यात आमच्याकडे जुम्म्याच्या रात्री जेवणं उरकली की स्क्रॅबलची पाटी मांडली जाते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे इंग्रजी शब्दांत भाची माझ्या पुढे आहे. पण टाइल्स बदलून घ्यायला ती मुळीच तयार नसते. "खाला, बदलल्या तर डाव जातो आणि वहीत शून्य लागतं," हे तिचं म्हणणं.

नियम तोच आहे. नको असलेल्या टाइल्स बाजूला ठेवायच्या, पिशवीतून तितक्याच नव्या काढायच्या, मग जुन्या पिशवीत टाकायच्या. त्या डावाचे गुण शून्य.

मागच्या खेळात तिच्याकडे तीन 'आय', दोन 'यू', एक 'व्ही' आणि एक 'एन' आले. पाटीवर मी लावलेला 'वॉटर' हा एकच शब्द होता. त्यातल्या 'ई'वर व्ही, आय, एन उतरवून तिला 'व्हाइन', म्हणजे वेल, हा शब्द जमत होता. 'व्ही' दुप्पट शब्दाच्या घरात पडत असल्यामुळे साताचे चौदा गुण होत होते. चौदा काही वाईट नाहीत. पण मी तिला विचारलं, "हातात काय उरेल?" दोन आय आणि दोन यू!

इथेच हिशेब करायचा असतो. शंभर टाइल्सपैकी बेचाळीस स्वर. त्या वेळी न दिसलेल्या 88 टाइल्समध्ये 35 स्वर होते, म्हणजे दहात साधारण चार. 'व्हाइन' लावून तीन नव्या घेतल्या, तर त्यात एखादा स्वर येण्याचाच संभव जास्त. मग सातात पाच स्वर, तेही जोडीजोडीने. पुढचा डावही चार-पाच गुणांचा. उलट 'आय' आणि 'एन' ठेवून पाच बदलल्या, तर दोनेक स्वर आणि तीन व्यंजनं येण्याचा संभव. हातात तीन स्वर, चार व्यंजनं. अशा हातातून वीस-पंचवीस गुणांचा शब्द निघतो, आणि सातही टाइल्स एकदम लागल्या तर वर पन्नास गुण मिळतात. ही खात्री नव्हे, शक्यता आहे. नव्या टाइल्सही वाईट येऊ शकतात.

म्हणून गुणांच्या आधी उरलेला हात पाहावा. त्याच चौदा गुणांमागे 'ई, आर, एन, टी' उरत असते, तर मीच म्हटलं असतं, "बेटा, लाव."

आणखी एक मर्यादा आहे. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की बदल बंद. तेव्हा मात्र अवघड अक्षरं थोड्या गुणांत का होईना, उतरवलीच पाहिजेत, कारण शेवटी हातात राहिलेल्या टाइल्सचे गुण आपल्या बेरजेतून वजा होतात.

भाचीने बराच वेळ पट्टीकडे पाहिलं आणि पाच टाइल्स उलट्या ठेवल्या. वहीत शून्य तिने स्वतःच लिहिलं.