नापास न झालेली मुलगी

मुलुंड पूर्वेला आमच्या हॉलमध्ये आई दहावीच्या गणिताचे क्लास घेते. तीस मुलं, दोन बॅच, दर पंधरा दिवसांनी २० गुणांची चाचणी. मार्क ती एका लांब वहीत लिहायची. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाला हे बघवेना. एका रविवारी मी ती वही गूगल शीट्समध्ये उतरवली. पहिल्या कॉलममध्ये नावं, पुढे B पासून F पर्यंत पाच चाचण्या. गैरहजर असेल तिथे आईच्या सवयीप्रमाणे AB.

बोर्डात पास व्हायला ३५ टक्के लागतात, म्हणजे २० पैकी ७. मी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये `Custom formula is` निवडून `=B2<7` लिहिलं, रंग लाल. न झालेल्या चाचण्यांचे कॉलमसुद्धा वरपासून खालपर्यंत लाल झाले. आई म्हणाली, "अरे, पेपर व्हायच्या आधीच नापास केलंस का सगळ्यांना?" रिकामा चौकोन शीटच्या हिशेबी शून्य असतो. म्हणून आधी विचारावं लागतं, इथे आकडा आहे का?

```
=AND(ISNUMBER(B2),B2<7)
```

लाल रंग लागला, पण आईला त्याचं अप्रूप वाटलं नाही. "ही चार पोरं मला झोपेतही माहीत आहेत. जी अचानक घसरतात, ती सांग."

मग दुसरा नियम केला. मागच्या चाचणीपेक्षा ४ किंवा जास्त गुण कमी झाले, तर केशरी.

```
=AND(ISNUMBER(B2),ISNUMBER(C2),B2-C2>=4)
```

यात मी एक चूक केली. फॉर्म्युला नेहमी निवडलेल्या रेंजच्या डाव्या वरच्या चौकोनासाठी लिहायचा असतो, बाकीच्यांसाठी तो आपोआप सरकतो. मी रेंज B2:F31 ठेवली होती, हवी होती C2:F31. त्यामुळे रंग एक घर आधी पडला. १६ वरून ११ वर आलेल्या मुलाचे चांगले १६ केशरी दिसत होते आणि ११ पांढरेच. आपल्या शीटमध्ये बरे गुण रंगलेले दिसले, तर आधी रेंज तपासावी.

चूक सुधारली आणि मी निर्धास्त झालो. चौथ्या चाचणीनंतर आई एका मुलीच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. १७, १६, AB, ११. लाल नाही, कारण ११ म्हणजे पास. केशरीही नाही, कारण ११ च्या आधी आकडाच नाही, AB आहे. माझ्या दोन्ही नियमांच्या मधल्या फटीतून ती मुलगी निसटली होती. आईने तिला हेरलं ते मात्र नुसतं ओळ वाचून.

आता मी शेजारच्या घराशी तुलना सोडून दिली. प्रत्येक गुणाची तुलना त्याच मुलाच्या त्याआधीच्या सगळ्या गुणांच्या सरासरीशी:

```
=AND(ISNUMBER(C2),AVERAGE($B2:B2)-C2>=4)
```

`$B` मुळे सुरुवात पहिल्या चाचणीला खिळून राहते आणि शेवट पुढे सरकतो. `AVERAGE` अक्षरं मोजत नाही, म्हणून AB आड येत नाही. तिची आधीची सरासरी १६.५, त्यातून ११ गेले की ५.५. केशरी. हळूहळू घसरणाराही यात सापडतो, पण उशिरा. १६, १४, १२, ११, ९ असे गुण असतील, तर रंग थेट पाचव्या चाचणीला लागतो. आणि अर्धा कॉलम केशरी झाला, तर दोष मुलांचा नसतो, पेपर अवघड गेलेला असतो. तेव्हा शीट आडवी न वाचता उभी वाचायची.

आईने त्या मुलीला क्लासनंतर थांबवलं. त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. भाडं परवडेना म्हणून घर डोंबिवलीला हलवलं होतं. शाळा आणि क्लास मात्र मुलुंडलाच, वर्ष मोडायला नको म्हणून. सामान हलवलं तो दिवस म्हणजे तिसरी चाचणी. आता सकाळी लोकल, रात्री लोकल, आणि अभ्यास जागा मिळाली तर गाडीत.

म्हणजे ज्या AB ला मी फॉर्म्युल्यातला अडथळा समजून बाजूला काढत होतो, खरी बातमी तिथेच होती. मी तिसरा नियम टाकला, `=B2="AB"`, रेंज पुन्हा B पासून, रंग राखाडी. राखाडीनंतर केशरी दिसलं की आई त्या मुलाला थांबवून घेते.

त्या मुलीची बॅच आता पाचची आहे, म्हणजे तिला आधीची गाडी मिळते. पाचव्या चाचणीत तिला १३ पडले. सरासरीपेक्षा जेमतेम १.७ कमी, म्हणून चौकोन पांढरा. आईने तरी तिच्या नावापुढे पेन्सिलीने टिंब केलं आहे. शीटमध्ये नाही, वहीत. ती अजून लिहिते.