पाच जणांची कमाई, एक स्वयंपाकघर

घरात पाच जण कमावते असले की बाहेरच्यांना वाटतं, यांना पैशांची काय चिंता! खरं तर एकट्या माणसाचा पगार महिनाअखेरीस संपला की निदान कुठे संपला ते त्याला माहीत असतं. पाच जणांचे पैसे एकत्र आले की ते कोणाचे, कशाचे आणि कुठे गेले, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. प्रत्येकाला मात्र वाटतं की आपणच जास्त देतोय.

आमचं घर इंदूरचं. दहा माणसं आहेत. आजी, बाबा, आई, दादा, वहिनी, काका, काकू, मी आणि दोन मुलं. बाबांची पेन्शन आहे, दादा आणि वहिनी नोकरी करतात, मी कंटेंट रायटर आहे आणि काका कूलर, एसी दुरुस्त करतात. स्वयंपाक एकच. वर्षानुवर्षं आमच्याकडे पद्धत सोपी होती. प्रत्येक कमावत्याने महिन्याला १०,००० रुपये द्यायचे. सगळ्यांना सारखे, म्हणजे भांडण नको.

पण सारखं म्हणजे न्याय्य असतंच असं नाही. दादाचा पगार ५०,००० आहे. दहा दिले तरी त्याच्या हातात ४०,००० उरायचे. माझा २४,०००, म्हणजे मला उरायचे १४,०००. काकांचं तर पावसाळ्यात एखाद्या महिन्यात जेमतेम १९,००० येतात. तेव्हा दहा दिल्यावर त्यांच्याकडे ९,००० राहायचे आणि त्यातच चुलतभावाची शाळेची फी. काका कधी काही बोलले नाहीत. फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते जेवायला उशिरा यायला लागले, आणि काकूंनी हळूच आईला सांगितलं की या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात देऊ का, असं विचारायला त्यांना लाज वाटते.

मग एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. सुरुवात ‘कोण किती देणार’ यापासून केली नाही, ‘घराला किती लागतं’ यापासून केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसांकडे बोट दाखवलं की पुढचं बोलणंच होत नाही.

महिन्याचा चालू खर्च असा निघाला. किराणा १३,०००. दूध रोज चार लिटर, त्याचे ७,२००. भाजी आणि फळं ६,०००. मदतीला येणाऱ्या ताईंचे ३,६००. वीजबिल सरासरी ३,५००. आजीची औषधं ३,०००. गॅस १,८०० आणि इंटरनेट ९००. एकूण ३९,०००. विजेचा आकडा मात्र एका महिन्याचा घेऊ नका. आमचं मे महिन्याचं बिल आणि जानेवारीचं बिल यांत दुपटीहून जास्त फरक असतो. बारा बिलांची बेरीज करून बाराने भागा.

दुसरा भाग वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या खर्चाचा. आरोग्य विम्याचा हप्ता ३६,०००, गणपती आणि दिवाळी मिळून २४,०००, घराची दुरुस्ती १८,०००, मालमत्ता कर आणि पाण्याचे ९,०००, लग्नकार्यातले आहेर ९,०००. बेरीज ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. बहुतेक घरांचं बजेट इथेच कोलमडतं. महिन्याचा हिशोब अगदी बरोबर असतो, आणि विम्याच्या हप्त्याच्या महिन्यात अचानक ‘आता कोण भरणार?’ असा प्रश्न येतो.

या यादीत प्रत्येक खर्चापुढे त्याचा महिनाही लिहा. आमचा हप्ता जुलैत येतो. आम्ही मार्चपासून पैसे बाजूला टाकायला लागलो, म्हणून जुलैपर्यंत ४०,००० जमले आणि हप्ता भरता आला. मे महिन्यात सुरुवात केली असती, तर २४,०००च जमले असते आणि १२,००० कमी पडले असते. पहिल्या वर्षी सुरुवात कधी करायची, हे असं उलटं मोजून ठरवावं लागतं.

तिसरा भाग छोटा आहे, पण त्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. आई आणि काकू पगार आणत नाहीत, पण दहा माणसांचं घर त्यांच्यामुळे चालतं. पूर्वी त्यांना स्वतःसाठी काही घ्यायचं असलं की मागावं लागायचं, नाहीतर भाजीच्या पैशांतून वाचवावं लागायचं. आता घरखर्चातूनच दोघींना प्रत्येकी १,५०० हातखर्च मिळतो. त्याचा हिशोब कोणी विचारायचा नाही. गंमत म्हणजे तेव्हापासून भाजीचा आकडा वहीत खरा यायला लागला.

३९,००० अधिक ८,००० अधिक ३,०००, म्हणजे महिन्याला ५०,०००. आता प्रश्न होता वाटणीचा.

बाबांची पेन्शन २२,०००, दादाचा पगार ५०,०००, वहिनीचा ३०,०००, माझा २४,००० आणि काकांची सरासरी २८,०००. काकांची सरासरी कशी काढली, ते पुढे सांगते. त्याआधी वहिनीचं. ती दर महिन्याला माहेरी आईला ४,००० पाठवते. ती एकुलती एक आहे आणि तिची आई एकटी राहते. हे पैसे ती इतकी वर्षं कोणाला न सांगता पाठवत होती. वही उघडली तेव्हा ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर आलं. क्षणभर कोणी बोललं नाही. मग आजीच म्हणाली, “आईला देते ते आधी वजा कर, मग उरलेल्यातून घराचं बघ.” तोच आमचा नियम झाला. जे देणं टाळता येत नाही, म्हणजे आईवडिलांचा आधार किंवा शिक्षणाचं कर्ज, ते आधी वजा करायचं. नव्या फोनचा किंवा बाईकचा हप्ता वजा होत नाही, कारण ती आपली स्वतःची निवड असते. म्हणून वहिनीचे धरले २६,०००.

सगळ्यांची बेरीज झाली दीड लाख. घराला हवेत ५०,०००. म्हणजे बरोबर एक तृतीयांश, रुपयामागे ३३ पैसे. मग वाटणी अशी झाली:

दादा १६,७००
काका ९,३००
वहिनी ८,७००
मी ८,०००
बाबा ७,३००

दादाचा आकडा एकदम वाढला. त्याने विचारलंही, “मी जास्त कमावतो, ही माझी चूक का?” प्रश्न रास्त होता. वहिनीने त्याला दोघांची बेरीज करून दाखवली. आधी दोघं मिळून २०,००० देत होते, आता २५,४००. मात्र त्यांची मुलगी आजी आणि आईजवळ राहते. पाळणाघर लावलं असतं, तर वरच्या पाच हजारांपेक्षा जास्त तिथेच गेले असते. शिवाय मुलांच्या शाळेची फी आम्ही एकत्र खर्चात घेतलेलीच नाही. ती ज्याची त्याने भरायची. जेवण सगळ्यांचं एक, पण कोणत्या शाळेत घालायचं हा ज्याच्या त्याच्या आईवडिलांचा निर्णय.

आता काका. त्यांच्या जुन्या डायऱ्यांतून वर्षभराची कमाई काढली. मार्च ते जून हे चार महिने साधारण ४६,००० येतात, उरलेले आठ महिने सरासरी १९,०००. वर्षाचे झाले ३,३६,०००, महिन्याला २८,०००. पण दर महिन्याला ९,३०० मागितले, तर पावसाळ्यात पुन्हा तीच अडचण. म्हणून काका मागच्या महिन्यात खरोखर जे आलं, त्याचा एक तृतीयांश देतात. चांगल्या कमाईवर ते १५,३०० देतात. त्यातले ९,३०० घराला लागतात आणि ६,००० वेगळे ठेवले जातात. कमी कमाईवर ६,३०० देतात आणि वरचे ३,००० त्या ठेवीतून येतात. चार वेळा सहा हजार म्हणजे २४,०००, आणि आठ वेळा तीन हजार म्हणजेही २४,०००. वर्षाचा हिशोब जुळतो, आणि पावसाळ्यात काकांना कोणासमोर तोंड उघडावं लागत नाही. तुमच्या घरीही कोणाचं दुकान, शेती किंवा हंगामी काम असेल, तर ही व्यवस्था कमाईच्या हंगामात सुरू करा. मंदीत सुरू केली, तर ठेवीत काही नसतानाच काढायची वेळ येते.

पैसे ठेवायचे कुठे? आम्ही दोन बचत खाती काढली, एक चालू खर्चाचं आणि एक वर्षाच्या खर्चाचं. काकांची ठेवही दुसऱ्या खात्यातच असते, वहीत फक्त तिचं पान वेगळं. दोन्ही खाती बाबा आणि वहिनी यांच्या नावावर आहेत, दोघांपैकी कोणीही एकट्याने व्यवहार करू शकेल अशी. एकाच्याच नावावर खातं असलं आणि तोच माणूस आजारी पडला, तर घराचे पैसे ऐनवेळी अडकतात. आपला वाटा ७ तारखेपर्यंत टाकायचा, कारण तोवर सगळ्यांचे पगार आलेले असतात.

तरीही गडबड होते, आणि ती ओळखायची एक खूण आहे. २० तारखेला चालू खात्यातली शिल्लक बघा. आमच्याकडे तोवर किराणा आणि बिलं भरून झालेली असतात. राहतात फक्त दूध, भाजी आणि किरकोळ. दूध-भाजीचे दिवसाला ४४० रुपये धरले, तर पुढच्या दहा दिवसांना ४,४०० हवेत. त्याहून कमी असतील, तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. पाहुणे येऊन गेलेले असतात, किंवा कोणीतरी घराच्या खात्यातून स्वतःची वस्तू घेतलेली असते.

याच्या उलटही घडतं. येताजाता कोणीतरी फोनवरून पैसे देऊन फळं, साखर घेऊन येतं, सांगत नाही, आणि मनात मात्र हिशोब ठेवतं. आमच्याकडे त्यासाठी बिलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी पैसे परत घ्यायचे. शंभर रुपयांच्या आतलं मागायचं नाही. ग्रुपवर टाकलं नाही, तर ते घरासाठी प्रेमाने आणलं असं समजायचं.

या पद्धतीला एक अट आहे. प्रत्येकाने आपली खरी कमाई सांगायला हवी. सगळ्या घरांत हे जमत नाही. मग पायऱ्या ठरवता येतात, २०,००० पर्यंत एक रक्कम, ४०,००० पर्यंत दुसरी, त्याच्या वर तिसरी. नेमका आकडा न सांगताही वाटा बऱ्यापैकी न्याय्य होतो.

दर मार्चमध्ये आम्ही हा हिशोब नव्याने मांडतो. दादाला सहा हजारांची पगारवाढ मिळाली, तर एकूण कमाई १,५६,००० होईल आणि रुपयामागे ३२ पैसे पुरतील. माझा वाटा तीनशे रुपयांनी कमी होईल. पण उलटंही मांडून ठेवलंय, आणि ते बाबांनी मुद्दाम करायला लावलं. माझं काम कंत्राटी आहे. उद्या ते थांबलं, तर उरलेल्या चौघांना १,२६,००० मधून ५०,००० काढावे लागतील, रुपयामागे जवळजवळ ४० पैसे. दादाचा वाटा २०,००० च्या आसपास जाईल. हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे आणि त्याखाली चौघांच्या सह्या आहेत. दादाने सगळ्यात आधी केली.