मधलं शीत

एका मालिकेचे सहा भाग पाहून झाले आणि सातव्याकडे हात जात नाही. सोडूनही देववत नाही. धानाच्या मुलखात, कोंढ्यात वाढलेल्या मला अशा वेळी एकच म्हण आठवते: शितावरून भाताची परीक्षा. सहा शितं तर मी दाबून पाहिली.

पण आई भात कसा तपासायची? पहिल्या उकळीला ती शीत काढत नसे. पाणी आटत आलं की पळीनं तळापासून एकदा वर घ्यायची, मग मधलं शीत उचलून दोन बोटांत दाबायची. आत टणक कणी लागली तर परत झाकण. वरचं शीत कच्चं राहिलेलं, तळाचं लागलेलं. दोन्ही खोटं सांगतात. एक शीत साऱ्या भाताबद्दल बोलतं, कारण तांदूळ एक, पाणी एक, आच एक.

मालिकेत आच एक नसते. सुरुवातीचे काही भाग प्रेक्षकांनी पाहण्याआधीच चित्रित झालेले असतात. पुढे दर आठवड्याला टीआरपी येतो आणि गोष्ट त्याच्याकडे पाहत वळते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यातल्या नागपूरकडच्या नायिकेचं, राधिकाचं बोलणं माझ्या कानाला ओढूनताणून केलेलं वाटलं. मी चौथ्या भागाला उठले. आई बसून राहिली. “थांब वं, आता तं आधण आलं,” म्हणाली. पुढे गावी गेले तेव्हा राधिका मसाल्यांचा धंदा उभा करत होती आणि तिचं बोलणं मला खटकेनासं झालं होतं. ते बदललं होतं, की माझा कान सरावला होता? मधेच शनाया साकारणारी अभिनेत्री बदलली, तरी आईचं पाहणं सुटलं नाही. मालिका मार्च २०२१ पर्यंत चालली. आठवड्याला सहा अर्धे तास धरले तरी वर्षाचे दीडशेवर तास होतात.

मग झाडीपट्टीची नाटकं आठवतात. धान कापून झालं, शंकरपट भरला, की रात्री मंडपात नाटक. पहिला अंक कुणी धड ऐकतच नसे. सतरंज्या अंथरल्या जायच्या, लेकरं झोपवली जायची, पाहुणे येतच असायचे. त्या गोंधळात नटही आवाज चढवून बोलायचे, म्हणून सारंच भडक वाटायचं. मध्यरात्रीनंतर मंडप शांत झाला की तोच नट हळू बोलायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. लहानपणी मी बहुतेकदा त्याआधीच झोपलेली असे. पहाटे आई उठवायची, तेव्हा आजूबाजूच्या बायांचे डोळे ओले दिसायचे. काय झालं, विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

मात्र काही रात्री मी जागीही राहिले आणि पहाटेपर्यंत काहीच घडलं नाही. त्या नाटकांचे पहिले अंकही असेच भडक होते. आतली कणी तेव्हा कुठे दिसायला हवी होती, हे आजही मला नेमकं दाखवता येत नाही.

काल रात्री सातवा भाग लावला, नावं सरेपर्यंत पाहिला आणि थांबवून ठेवला.